द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा जामीन अर्ज: माझा पहिला मसुदा, त्यातल्या चुका आणि 3 पैकी 2 गुण

आमच्या एलएलबीच्या ड्राफ्टिंगच्या पेपरला लेखी परीक्षा नसते. पंधरा मसुदे न्यायालयीन कामकाजाचे, पंधरा दस्तांचे, दोन्हींना 45-45 गुण आणि उरलेले 10 तोंडीचे. म्हणजे एका मसुद्याला जेमतेम 3 गुण. त्या 3 गुणांपायी माझा सगळा सप्टेंबर गेला. पुढच्या वर्षी हाच मसुदा ज्यांच्या वाट्याला येईल, त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

25 ऑगस्ट 2025, सोमवार. मॅडमनी प्रत्येकाला सव्वा पानाची हकीगत दिली. माझ्या कागदावर लिहिलं होतं: पक्षकार ‘श्री. अ’, द्राक्ष व्यापारी, मूळचा तासगावचा, पिंपळगाव बसवंतला भाड्याच्या घरात राहतो. मार्चमध्ये त्याने दिंडोरी तालुक्यातल्या तीन शेतकऱ्यांकडून 50 टन द्राक्षं 40 रुपये किलोने घेतली. एकूण 20 लाखांचा माल. 6 लाख रोख दिले, उरलेल्या 14 लाखांचे तीन चेक दिले, ते परत आले. 2 ऑगस्टला फिर्याद, 4 ला अटक, 8 पर्यंत पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. कलमं भारतीय न्याय संहितेची 318(4) आणि 316(2), म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात. आरोपीतर्फे जामीन अर्ज तयार करा.

कागद वाचला आणि पोटात गोळा आला. आम्ही दिंडोरी तालुक्यातलेच. 2019 ला आमच्या बागेचा माल असाच एकाने उचलला होता. आठ दिवसांत पैसे देतो म्हणाला आणि गेला. अण्णांकडे त्याचा 1 लाख 80 हजारांचा चेक अजून आहे. गणपतीला घरी गेले तेव्हा कागद त्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, “तीन वर्षं फी भरतोय ती ह्याला सोडवायला का?” मी म्हटलं, “अण्णा, खोटा आहे तो, कागदावरचा.” ते म्हणाले, “कागदावरचा असेल. खोटा नाही.”

मॅडमना विषय बदलून मागावा असं दोन दिवस मनात होतं. मागितला नाही, कारण बदलून मिळत नाही हे सीनियरनी सांगितलं होतं.

सीनियरचीच जुनी फाइल मी नमुना म्हणून घेतली. त्यासाठी तिला चहा आणि मिसळ, 140 रुपये. ही सगळ्यात महाग चूक ठरली. फाइल 2022 ची, म्हणजे नवे फौजदारी कायदे येण्याआधीची होती, त्यामुळे मथळ्यात जुन्या कायद्यांचं ‘भा.दं.वि. 420’ आणि ‘फौ.प्र.सं. 439’ होतं. मी 420 च्या जागी 318(4) केलं, पण 439 तसंच राहिलं. शिवाय ती फाइल सत्र न्यायालयाची होती, म्हणून माझाही अर्ज ‘मे. सत्र न्यायाधीश, नाशिक यांचे कोर्टात’ गेला. परिच्छेद 2 मध्ये तर ‘अर्जदार हे नाशिक येथील कायमचे रहिवासी असून’ हे वाक्य जसंच्या तसं उतरलं. माझा अर्जदार तासगावचा!

4 सप्टेंबरला मसुदा दिला आणि 10 तारखेला तो परत आला. लाल शाईने मथळ्यावर गोल, बाजूला एकच प्रश्न: “हे कोर्ट का?” 318(4) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पण चालतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. 316(2) चंही तेच, फक्त शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणून अर्ज आधी दिंडोरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, फौ.प्र.सं.च्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 खाली. तिथे नामंजूर झाला तर सत्र न्यायालय, कलम 483. थेट सत्र न्यायालयात जायला कायद्याची बंदी नाही, पण खालचं दार न ठोठावता वर गेलं की हातातली एक संधी आपणच सोडतो. जुन्या 437 चं 480 झालंय, 438 चं 482 आणि 439 चं 483. हे तीन आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. तुमच्याकडे जुनी फाइल असेल तर आधी आकडे बदला, मगच मजकूर वाचा.

खरी गोची कारणांत होती. मी अकरा कारणं लिहिली होती. पहिलं होतं, ‘अर्जदार निर्दोष असून त्यास खोटेपणाने गुंतविण्यात आले आहे.’ मॅडमनी वर्गात उभं केलं आणि विचारलं, “चेक कशामुळे परत आले?”

“खात्यात पैसे नव्हते.”

“परत वाच.”

हकीगतीच्या शेवटून तिसऱ्या ओळीत होतं: बँकेचा शेरा ‘खाते बंद’. पैसे कमी पडणं वेगळं. खातंच बंद असेल तर फिर्यादीचा वकील पहिलं वाक्य तेच बोलणार. निर्दोष, निर्दोष म्हणून लिहिलेल्या माझ्या अर्जात या गोष्टीचा उल्लेखच नव्हता. सरकारी वकील उठून ते सांगतील आणि उरलेल्या दहा कारणांवरचाही विश्वास उडेल. मॅडम एवढंच म्हणाल्या, “अडचणीची गोष्ट तू आधी सांगायची. आणि तारखा मांड.”

त्या रात्री मी एका कोऱ्या पानावर तारखा एकाखाली एक लिहिल्या. माल तोडून नेला 5 ते 18 मार्च. चेक हातात दिले 20 मार्चला, त्यावर तारीख 15 एप्रिल. खातं बंद केलं 28 मार्चला. चेक परत आले 17 एप्रिलला. पान समोर ठेवून अर्धा तास बसले होते, तेव्हा कुठे दिसलं. फसवणुकीच्या व्याख्येत आधी फसवणं आहे, मग त्या फसवणुकीला भुलून माल देणं आहे. इथे माल 18 मार्चलाच गेला होता आणि चेक 20 मार्चला आले. दोन दिवसांनी मिळालेल्या चेकला भुलून कुणी आधीच द्राक्षं देऊ शकत नाही. आणि चेक दिले तेव्हा खातं चालूही होतं.

म्हणजे व्यापारी स्वच्छ आहे असं नाही. चेक देऊन आठ दिवसांत खातं बंद करणारा माणूस काय विचाराचा असेल हे मला आमच्या घरावरून माहीत आहे. पण 318(4) साठी बेइमानीचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीला असावा लागतो. नुसता करार मोडणं आणि फसवणूक यांतली ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (2000) या निकालात आखली आहे. नंतरच्या वागण्यावरून आधीच्या हेतूचा अंदाज बांधता येतो आणि सरकार पक्ष तो बांधेलच. पण तो साक्षीपुराव्याचा प्रश्न झाला. दुसऱ्या मसुद्यात हे कारण मी असं लिहिलं:

“अर्जदाराने सन 2022 पासून याच तीन शेतकऱ्यांकडून सलग तीन हंगाम माल घेतला असून त्याची संपूर्ण रक्कम अदा केली आहे. चालू हंगामातही रक्कम रुपये 6,00,000/- अदा केली आहे. मालाचा ताबा दि. 18/03/2025 पर्यंत घेतला असून चेक त्यानंतर दि. 20/03/2025 रोजी दिले आहेत. सदर चेक ‘खाते बंद’ या शेऱ्याने परत आले ही बाब अर्जदार नाकारत नाही. तथापि, सदर चेकमुळे फिर्यादी माल देण्यास प्रवृत्त झाले असे फिर्यादीवरूनही दिसून येत नाही.”

तीन हंगामांचे पैसे दिल्याचं हकीगतीत दिलेलं होतं, पण पहिल्या वेळी मी ते नवव्या कारणात टाकलं होतं. वर आणलं.

316(2) चं कारण त्या मानाने सोपं निघालं. विश्वासघातासाठी माल ‘सोपवलेला’ असावा लागतो, मालकी देणाऱ्याचीच राहते. इथे माल विकला होता. विकलेल्या मालाचे पैसे थकले, तर थकबाकी झाली. एकाच व्यवहाराला फसवणूक आणि विश्वासघात अशी दोन्ही कलमं सरसकट लावण्याबद्दल दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात (2024) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना आणि खालच्या कोर्टांना चांगलंच सुनावलं आहे. तीन ओळींत हे कारण संपवलं.

12 सप्टेंबरला, शुक्रवारी, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन दिवसभर जामिनाच्या सुनावण्या ऐकल्या. पांढरा ड्रेस, ओळखपत्र आणि मागचा बाक एवढं पुरतं. फोन मात्र बंदच ठेवा. पाच-सहा अर्ज ऐकले आणि एक गोष्ट ध्यानात आली. आरोपीने गुन्हा केला का, यावर कोर्ट फार वेळ घालवत नव्हतं. प्रश्न यायचे ते असे: आता आत ठेवून काय मिळवायचंय? जप्ती झाली का? पळून जाईल का? साक्षीदारांना धमकावेल का? माझ्या अकरापैकी सात कारणं ‘गुन्हा केला का’ याच प्रश्नाची होती, जो कुणी फारसा विचारत नव्हतं.

त्या दिवसानंतर अर्जाचा मधला भाग पुन्हा लिहिला. चेक, बँकेचे शेरे, काटापावत्या, खात्याचा उतारा, सगळा पुरावा कागदोपत्री आणि पोलिसांच्या ताब्यात आलेला. द्राक्षं विकली गेली, खाल्ली गेली, त्यांची जप्ती होणार नाही. गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतच शिक्षा असल्याने अटकेआधी कलम 35(3) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावता आलं असतं. अर्नेश कुमार (2014) च्या निकालापासून अशा गुन्ह्यांत अटक का गरजेची होती हे पोलिसांना कारणांसह नोंदवावं लागतं. आमच्या हकीगतीत पोलिसांनी फोन केला आणि व्यापारी स्वतः ठाण्यात हजर झाला होता. रिमांड रिपोर्टात मात्र ‘आरोपी फरार होण्याची शक्यता’ असं छापील वाक्य. ही विसंगती मी तारखेसकट लिहिली. ‘पोलिसांनी आकसाने अटक केली’ हे आधीचं वाक्य काढलं, कारण त्याला हकीगतीत काही आधार नव्हता.

तासगावचा प्रश्न झाकण्यात अर्थ नव्हता. बाहेरगावचा व्यापारी म्हटलं की पळून जाण्याची भीती आलीच, आणि आमच्याकडे ती भीती उगाच नाही. म्हणून दोन्ही पत्ते दिले. पिंपळगावचा नोंदणीकृत भाडेकरार, मुलगी तिथल्या शाळेत सातवीत असल्याचा दाखला, जीएसटी नोंदणी आणि ओझरचा मेहुणा जामीनदार राहायला तयार असल्याचं लिहिलं. परिशिष्टाच्या यादीत हे कागद त्याच क्रमाने लावा. युक्तिवाद करताना पानं उलटण्यात वेळ जात नाही.

आता ज्या कारणाबद्दल मी सगळ्यात खूश होते त्याची गत सांगते. पहिल्या मसुद्यात शेवटी लिहिलं होतं, ‘अर्जदार फिर्यादीची रक्कम रुपये 5,00,000/- कोर्टात जमा करण्यास तयार आहे.’ मला वाटलं, शेतकऱ्यालाही काही मिळेल आणि कोर्टाचंही मन वळेल. खरं सांगायचं तर हे वाक्य लिहिलं तेव्हाच मला त्या व्यापाऱ्याची बाजू घेणं जरा सुसह्य झालं होतं. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली. एक तर पक्षकाराला न विचारता त्याच्या वतीने पैशाची कबुली द्यायचा अधिकार वकिलाला नाही, आणि हकीगतीत तसं काही नव्हतं. दुसरं, फसवणुकीच्या प्रकरणांत जामीन अर्ज हा वसुलीचा मार्ग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रमेश कुमार विरुद्ध दिल्ली (2023) मध्ये सांगितलं होतं. तिसरं अगदी ताजं होतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आरोपीने पैसे भरायची हमी देऊन उच्च न्यायालयातून जामीन मिळवला आणि नंतर हमी पाळली नाही. त्यावर जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की रक्कम भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, अर्ज गुणदोषांवर ठरवा. माझा मसुदा त्यानंतर महिन्याभराने लिहिलेला! वाक्य काढलं. काढताना वाईट वाटलं, आणि ते व्यापाऱ्यासाठी नव्हतं.

फिर्याद साडेतीन महिने उशिरा दिली, हे कारणही गेलं. उशीर का झाला, तर व्यापारी फोनवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत होता. उशिराचा मुद्दा आपण काढला की ते फोन बाहेर येणार.

उरली सहा कारणं. शिवाय एक परिच्छेद, जो बहुतेकांचा राहतो: ‘अर्जदाराने यापूर्वी या अगर अन्य कोणत्याही न्यायालयात जामीन अर्ज दाखल केलेला नाही व असा कोणताही अर्ज प्रलंबित नाही.’ आधीच्या अर्जांची माहिती देणं सर्वोच्च न्यायालयाने 2024 पासून सक्तीचं केलं आहे. तो नसल्याने आमच्या वर्गातल्या चौघांचे गुण गेले.

टायपिंग मी कोर्टाजवळच्या एका टपरीत करून घेतलं, पानाला 30 रुपये, सहा पानांचे 180. तो टायपिस्ट बावीस वर्षं हेच करतोय. माझा मसुदा टाइप करता करता म्हणाला, “ताई, विनंती कुठाय?” अर्जाच्या शेवटी मागणीच नव्हती! सगळी कारणं लिहून झाली, सही-सत्यापन झालं, आणि जामिनावर सोडावं ही ओळ राहिली. त्यानेच ‘सबब विनंती की’ पासून चार ओळी टाकल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. लेजर पेपर, वकीलपत्राचा कोरा फॉर्म आणि झेरॉक्स धरून सगळा खर्च साडेतीनशेच्या आत, मिसळ वेगळी.

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, अंतिम मसुदा दिला. 26 ला कॉलेजच्या मूट कोर्टात सुनावणी. न्यायाधीशाच्या खुर्चीत आमचेच एक माजी विद्यार्थी, आता वकिली करणारे. सरकारी वकील म्हणून वर्गातला मुलगा, निफाडचा, आणि त्याच्याही घरी बाग. तो तयारीने आला होता. म्हणाला, पोलीस कोठडीचे पंधरापैकी मोजकेच दिवस वापरलेत, नव्या संहितेप्रमाणे उरलेले पुढेही ठरावीक मुदतीपर्यंत तुकड्यांत मागता येतात, 14 लाख कुठे वळवले ते शोधायचंय, आता सोडलं तर तो हक्क जाईल.

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. घशाला कोरड पडली. शेवटी एवढंच सुचलं की 8 तारखेपासून पोलिसांनी कोठडी पुन्हा मागितलेली नाही, आणि पैशाचा माग बँकेच्या उताऱ्यावर निघेल, आरोपीच्या अंगावर नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. नंतर मॅडमनी दाखवलं की कलम 480(1) च्या परंतुकातच याचं अर्धं उत्तर आहे: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्याच कारणाने, आरोपी एरवी पात्र असेल आणि कोर्टाचे निर्देश पाळण्याची हमी देत असेल तर, जामीन नाकारता येत नाही. ती हमी अर्जात आधीच लिहून ठेवायची. माझा एक गुण तिथे गेला.

जामीन मंजूर झाला. 50,000 चा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी 10 ते 12 ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. मला वाटलं संपलं. तर न्यायाधीश म्हणाले, “आज संध्याकाळी तुमचा पक्षकार कुठे झोपणार?” मी म्हटलं, घरी. ते हसले. हुकूम झाला तरी जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टी, आधार, फोटो हे सगळं तपासून कोर्टाने जामीनदार स्वीकारल्यावर सुटकेचा आदेश निघतो आणि तो नाशिकरोडच्या कारागृहात पोचल्यावर माणूस बाहेर येतो. मेहुण्याचा सातबारा शुक्रवारी हाताशी नसेल तर शनिवार-रविवार आतच. म्हणून कागद अर्जाच्या आधी जमवायचे.

दसऱ्याला घरी गेले. फाइल अण्णांनी मागितली. कारण क्रमांक 1, तारखांचं, दोनदा वाचलं. मग आत जाऊन लोखंडी पेटीतून तो 2019 चा चेक काढून आणला आणि माझ्यासमोर धरला.

“ह्याच्या तारखा मांड.”

मांडल्या. चेक माल गेल्यावर चार दिवसांनी दिलेला. परत आल्याचा शेरा 11 एप्रिल 2019, पैसे अपुरे. तीस दिवसांत नोटीस पाठवायला हवी होती, तेव्हा कुणी सांगितलं नाही. दिवाणी दाव्याची तीन वर्षंही गेली, करोनात वाढवून मिळालेली मुदत धरूनसुद्धा.

“म्हणजे आमच्यावालाही सुटला असता,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, जामिनावर, हो.

त्यांनी चेक घडीवर घडी घालून परत पेटीत ठेवला आणि फाइल माझ्याकडे देत विचारलं, “त्या निफाडच्या पोराला किती मिळाले?”

“अडीच.”

“बरं झालं.”